पहिलं एआय चित्र आणि प्रॉम्प्ट : आठवीच्या मुलांसमोर काय बोलावं?

प्रश्न : आमच्या शाळेत आठवीच्या मुलांसाठी एआय चित्रांची कार्यशाळा आहे. प्रॉम्प्ट, म्हणजे कसं चित्र हवं ते एआय साधनाला सांगणारा मजकूर, कसा लिहायचा हे सांगणारं पाच मिनिटांचं भाषण मला करायचं आहे. मुलं पहिल्यांदाच असं चित्र तयार करणार आहेत. काय बोलू?

मी चित्रकला शिकवते आणि अशी कार्यशाळा तीन वेळा घेतली आहे. पहिल्या वेळी मी तंत्रज्ञानाचा इतिहास सांगत बसले आणि मुलांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. आता मी एकच चित्र घेते आणि शेवटपर्यंत त्याच चित्रावर बोलते. माझं भाषण खाली देते आहे, हवं तसं बदलून घ्या. सावकाश वाचलं तर चार-साडेचार मिनिटं लागतात.

"मुलांनो, डोळे मिटा. पाऊस पडतोय आणि घाटातून एक लाल बस चाललीय. दिसली? आता उघडा. तुमच्यापैकी बहुतेकांना एसटी दिसली असेल. मागच्या कार्यशाळेत एका मुलीने चित्र काढणाऱ्या एआय साधनाला लिहून दिलं, 'पावसात लाल बस'. असं जे लिहून देतो, तो प्रॉम्प्ट. चित्र आलं ते लंडनच्या दुमजली बसचं! मागे उंच दगडी इमारती, रस्त्यावर काळ्या छत्र्या. ती हिरमुसली. 'मी अशी बस म्हटलंच नव्हतं,' म्हणाली. पण तिने एसटी असंही म्हटलं नव्हतं.

असं का झालं? हे साधन ज्या कोट्यवधी चित्रांवरून शिकलं, त्या प्रत्येक चित्राखाली काही शब्द लिहिलेले होते. 'लाल बस' असं लिहिलेली चित्रं लंडनची खूप आणि आपल्या घाटांतली थोडी. तुम्ही जे सांगत नाही, ते साधन स्वतःच भरतं आणि भरताना त्याने सगळ्यात जास्त वेळा जे पाहिलंय तेच भरतं. म्हणून तुमच्या गावाचं चित्र हवं असेल तर तुमचं गाव शब्दांत आणावं लागतं.

चित्र तयार कसं होतं तेही ऐका. अंगणात रांगोळीचे सगळे रंग एकत्र विस्कटले तर कसे नुसते ठिपके दिसतील, तसे रंगीत ठिपके बहुतेक साधनं सुरुवातीला घेतात. मग थोडे थोडे ठिपके सारखे करत जातात आणि प्रत्येक वेळी तुमच्या शब्दांकडे बघतात. वीस-तीस फेऱ्यांत ठिपक्यांतून बस बाहेर येते. प्रत्येक वेळी सुरुवातीचे ठिपके वेगळे असतात, म्हणून तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी चित्र वेगळं येतं.

आता आपण त्या मुलीचा प्रॉम्प्ट दुरुस्त करू. आधी बस: 'जुनी, लाल रंगाची, एकमजली भारतीय एसटी बस, टपावर सामान.' मग जागा: 'सह्याद्रीतला वळणाचा घाटरस्ता, एका बाजूला काळा कातळ आणि त्यावरून पडणारं पाणी, दुसऱ्या बाजूला धुकं भरलेली दरी.' मग वेळ आणि उजेड: 'जुलैमधली संध्याकाळ, ढगाळ उजेड, बसचे पिवळे दिवे लागलेले.' मग आपण कुठून बघतोय: 'वरच्या वळणावरून खाली पाहिल्यासारखं, बस लहान दिसते.' आणि शेवटी चित्र कशाने काढलंय: 'जलरंग, रंग ओल्या कागदावर पसरलेले.' यात 'सुंदर' हा शब्द कुठेच नाही, बघा. 'सुंदर' म्हटल्यावर कुंचल्याने काय करायचं? 'ओल्या कागदावर पसरलेले रंग' म्हटलं की काय करायचं ते कळतं. डोळ्यांना दिसेल तेच लिहा.

एक गंमत सांगते. त्याच मुलीला रस्त्यावरच्या छत्र्या नको होत्या. तिने लिहिलं, 'छत्री नको'. पुढच्या चित्रात आणखी छत्र्या आल्या. आपण चित्राखाली लिहितो तेव्हा 'आंबा' लिहितो, 'यात फणस नाही' असं लिहीत नाही. म्हणून यातल्या बऱ्याच साधनांना 'नको' नीट कळत नाही, 'छत्री' तेवढं कळतं. त्यापेक्षा काय हवं ते लिहा: 'रस्ता रिकामा, माणूस नाही' असंही नको, फक्त 'रिकामा, ओला रस्ता'.

आता संगणकाला हात लावायच्या आधी कागद घ्या. तुमचा प्रॉम्प्ट लिहा आणि शेजारच्याला द्या. तो ते वाचून पेन्सिलीने चित्र काढेल. तुम्ही तोंडाने काही सांगायचं नाही. तो जिथे अडेल आणि विचारेल, 'बस कुठल्या बाजूला तोंड करून आहे?', तिथे तुमचा एक शब्द राहिलाय. तो शब्द लिहा आणि मगच टाइप करा."

भाषण इथेच थांबवा. पेन्सिलीचा हा खेळ दहा मिनिटं चालू द्या, माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त इथेच शिकतात.

भाषणानंतर दोन ठिकाणी मुलं अडतात, त्याची तयारी ठेवा. पहिली अडचण अशी. मुलगा प्रॉम्प्टमध्ये 'संध्याकाळ'ऐवजी 'सकाळ' करतो आणि आख्खं चित्रच बदलतं: बस दुसरी, घाट दुसरा. त्याला वाटतं की एका शब्दाने हे सगळं झालं. खरं तर सुरुवातीचे ठिपकेही बदललेले असतात. काही साधनांत 'सीड' नावाचा आकडा असतो. तो आकडा कायम ठेवला तर ठिपके तेच राहतात आणि फक्त शब्दाचा परिणाम काय झाला ते दिसतं. तुमच्या साधनात ती सोय नसेल तर एकाच प्रॉम्प्टची चार चित्रं काढायला लावा. चारही चित्रांत जे सारखं आलं ते बहुधा शब्दांमुळे, जे प्रत्येकात वेगळं आलं ते बहुधा ठिपक्यांमुळे. आणि एका वेळी एकच शब्द बदलायचा हा नियम मी फळ्यावर लिहूनच ठेवते.

दुसरी अडचण बसच्या पाटीची. मुलांना पाटीवर आपल्या गावाचं नाव हवं असतं आणि येतं ते देवनागरीसारखं दिसणारं भलतंच काही. साधन अक्षरांचा आकार काढतं, शब्द वाचून लिहीत नाही, आणि जोडाक्षरांत तर फारच घोटाळा होतो. नवी साधनं यात सुधारली आहेत, तरी वर्गात त्यावर वेळ घालवू नका. पाटी कोरी ठेवायला सांगा आणि छापलेल्या चित्रावर मुलांना स्वतःच्या हाताने नाव लिहू द्या. आमच्याकडच्या भिंतीवर लावलेल्या चित्रांत हाताने लिहिलेल्या त्या पाट्याच आधी डोळ्यांत भरतात.

प्रॉम्प्ट मराठीत चालेल का, हे आदल्या दिवशी त्याच साधनावर तपासा. काही साधनांना मराठी छान कळतं, काही जुन्या साधनांना इंग्रजीच लागतं. तसं असेल तर आधी मराठीत पूर्ण लिहून घ्या आणि मग सगळ्यांनी मिळून भाषांतर करा. तिथे 'एसटी' हा शब्द तसाच ठेवून चालणार नाही, बस कशी दिसते तेच लिहावं लागेल. वयाची अटही वाचा. बऱ्याच साधनांवर तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं काढता येत नाही, काहींवर अठरा. आठवीत तेरा पूर्ण न झालेली मुलंही असतात, म्हणून मी माझ्या खात्यावरून प्रोजेक्टरवर चित्रं काढते आणि मुलं पाळीपाळीने येऊन आपला कागद वाचतात. मित्राचा किंवा शिक्षकांचा फोटो साधनात टाकायचा नाही, हेही त्याच वेळी सांगते, कारण कुणीतरी एक जण हमखास फोन पुढे करतोच.