डायल पॅडचा आवाज बंद केला म्हणून ‘एक दाबा’ बंद पडत नाही

“सासूबाईंचा फोन दिवसभर टकटक वाजत असतो, नंबर लावला की पीं पीं वेगळंच. डायल पॅडचे, टचचे, कीबोर्डचे सगळे आवाज बंद करून टाकले तर बँकेच्या कॉलवरचं ‘मराठीसाठी दोन दाबा’ चालेल ना? नवरा म्हणतो बंद पडेल. आणि मुळात हे आवाज ठेवलेत कशाला?”

चालेल. मोबाइलवर बिनधास्त बंद करा. तुमचे मिस्टर जे म्हणतायत ना, तेच मला एका काउंटरवरून तीनदा ऐकवलं होतं आणि त्यापायी आमचा पाऊण महिना गेला, म्हणून पोस्ट वाचल्या वाचल्या लिहायला बसले. सेटिंग कुठे असतं वगैरे तुम्हाला सापडेलच, पण आवाज कुठला आणि खरा सिग्नल कुठला हे आधी वेगळं करायला हवं. मी तेच केलं नव्हतं.

२०१३ चा पाऊस. आई डिचोलीला एकटी, मी पणजीला नोकरीला. जूनमध्ये वीज पडली आणि जुना लँडलाइनचा डबा जळला (आपल्याकडे पावसात टेलिफोनची वायर भिंतीतून काढून ठेवा, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते). मी नवीन कॉर्डलेस आणून दिला. त्याचं प्रत्येक बटण दाबलं की टुक करून वाजायचं, आईला दुपारी पडल्या पडल्या कुणाला फोन लावायची सवय, तिला तो टुकटुक आवाज अजिबात सहन होईना. मग मी एका रविवारी मेनूत शिरले, `Key Tone` शोधलं आणि `Off` केलं. तिथेच पुढे मागे `Dial Mode` नावाचं पान होतं. ते काय आहे बघावं म्हणून उघडलं आणि बाहेर पडताना `Pulse` वर असताना ओके दाबून आले. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही, कारण फोन लागत होते. मावशीला लागला, मला पणजीला लागला, सगळं ठीक.

आठवड्याने सिलिंडर संपला. गॅसचं बुकिंग फोनवरून, आणि नोंदवलेला नंबर आईच्या लँडलाइनचा, त्यामुळे त्याच फोनवरून करावं लागायचं. फोन लागला, बाई बोलली, ‘बुकिंगसाठी एक दाबा’. आईने एक दाबला. काहीच नाही. परत तीच बाई, परत तेच वाक्य, तिसऱ्यांदा ऐकवून फोन कट. मी एजन्सीत गेले तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, फोनचे आवाज बंद केलेत का? म्हटलं हो. “मग कसं होणार, टोन चालू करा.” मी घरी जाऊन `Key Tone` चालू केलं, बटणं परत टुकटुक वाजायला लागली, बुकिंग मात्र होईना. परत गेले, परत तेच उत्तर. बुकिंग इथेच लिहून घ्या म्हटलं तर सिस्टीममधूनच येऊ दे म्हणे. पणजी ते डिचोली अशा तीन फेऱ्या झाल्या, ऑफिसला अर्धी रजा टाकून, आणि चवथ तोंडावर आलेली. आईने नेवऱ्या तळायच्या तर कशावर? इंडक्शनवर कढई बसेना, शेवटी मागच्या पडवीत तीन दगड मांडून ओल्या लाकडांवर तळल्या, सत्तरीला टेकलेल्या बाईने, धुरात. ते आठवलं की अजून मला त्या काउंटरचा राग येतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं ना, माणसाला चुकीच्या दिशेला धाडून देऊ नये.

सुटका केली शेजारच्या काकांनी, ते टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. प्रसादाला आले होते, मी रडगाणं सांगितलं तर म्हणाले फोन आण. तोच नंबर लावला, बाई बोलायला लागल्यावर फोन त्यांनी कानाला धरला आणि मला म्हणाले, आता ९ दाब. मी दाबला. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाले परत दाब आणि नीट ऐक. आतून बारीक टकटकटकटक, जवळजवळ एक सेकंदभर. मग म्हणाले १ दाब. एकच टक. “पल्सवर आहे गो तुझा फोन. ती बाई सूर ऐकते, तू तिला टिचक्या ऐकवतेस.” मग त्यांनी आधी * दाबला, मग १. बाई लगेच पुढे सरकली. त्याच कॉलवर सिलिंडर बुक झाला.

आता हे असं का, ते सांगते. जुन्या फिरत्या डायलच्या फोनमध्ये आकडा म्हणजे लाइन तितक्या वेळा तोडून जोडणं, ९ ला नऊ टिचक्या, ० ला दहा, सेकंदाला साधारण दहा. १९६३ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने बटणांचा फोन आणला, त्यात टिचक्यांऐवजी सूर. प्रत्येक बटणाला एकाच वेळी दोन सूर, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या रांगेचा. १ ला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ९ ला ८५२ आणि १४७७. दोन अशासाठी की माणसाच्या बोलण्यातून किंवा शिट्टीतून चुकून आकडा उमटू नये, नेमके तेच दोन सूर एकत्र येणं कठीण. म्हणजे लँडलाइनवर तो पीं हा नुसता आवाज नाही, तोच आकडा आहे. एक्स्चेंजला टिचक्या आणि सूर दोन्ही कळायचे, म्हणून आईचे फोन लागत होते. पण टिचक्या एक्स्चेंजपाशीच संपतात, कॉल जोडल्यावर पलीकडे ‘एक दाबा’ म्हणणाऱ्या मशीनला फक्त सूर कळतात.

आणि `Key Tone` चा यातल्या कशाशीच संबंध नव्हता! तो कॉर्डलेसच्या हँडसेटने बटण दाबलं गेलं हे सांगायला काढलेला टुक आवाज, लाइनवर जातच नाही. दोन्हीकडे ‘टोन’ हा शब्द, तिथे सगळा घोळ झाला. त्या माणसाच्या डोक्यातही बहुतेक तोच असावा.

मोबाइलची गोष्ट अजून वेगळी. मोबाइलवर बोलणं दाबून, आवळून पाठवतात, ते तंत्र माणसाच्या आवाजासाठी बनवलेलं, त्यातून हे सूर गेले तर वेडेवाकडे होऊ शकतात. म्हणून कॉल चालू असताना तुम्ही २ दाबला की फोन सूर पाठवतच नाही, ‘२ दाबलाय’ असा निरोप पाठवतो आणि खरा सूर पुढे नेटवर्क तयार करतं. तुम्हाला कानात येतो तो पीं तुमच्यासाठी केलेली नक्कल. ती बंद केली तरी निरोप जातोच. खात्री हवी तर `Dial pad tones` बंद करा, बँकेला फोन लावा, भाषेचा आकडा दाबा, बाई मराठीत बोलायला लागली की झालं. मी हे दोन-तीन फोनवर करून बघितलंय. तरी कुठल्या जुन्या फोनवर वेगळं निघालं तर मला सांगा, मी काही इंजिनियर नाही.

टच साउंड आणि कीबोर्डच्या क्लिकचं कारण साधं. काचेला बटण नाही, बोटाला काही खाली गेल्याचं कळत नाही, म्हणून कानाला सांगायचं की दाबलं गेलं. तरुण माणसाला स्क्रीनवर दिसतं, त्याला गरज नाही. पण वय झालेल्यांचे आवाज बंद करायच्या आधी थोडं थांबा असं मी म्हणेन. आईच्या मोबाइलवर मी सगळं बंद केलं तेव्हा ती प्रत्येक आकडा दोनदा दाबायला लागली, कारण लागला की नाही हे तिला कळेना, मोतीबिंदू होता, नंबर सारखे चुकायचे. मग डायल पॅडचा आवाज परत चालू केला आणि बाकीचे बंदच ठेवले. सासूबाईंना विचारा, त्यांना त्रास होतोय की तुम्हाला. त्यांना तो उपयोगाचा असेल तर आवाज कमी करा किंवा त्याऐवजी व्हायब्रेशन लावा, सगळं एकदम बंद नको.

डायल पॅडचा आवाज मात्र एका वेळी बंद असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. स्पीकर लावून, आजूबाजूला माणसं असताना, कॉलवर कार्ड नंबर किंवा पिन टाकताना. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा आणि जगभर तोच, त्यामुळे कुणी तो आवाज रेकॉर्ड केला तर त्यावरून आकडे काढून देणारी फुकटची सॉफ्टवेअर आहेत. बाजारात, बसमध्ये लोक असं करताना दिसतात तेव्हा मला राहवत नाही, जाऊन सांगते. कीबोर्डच्या क्लिकमध्ये हा धोका फारच कमी, सगळ्या अक्षरांचा आवाज सहसा एकच असतो, फारतर किती अक्षरं टाकली ते कळेल.

सेटिंगबद्दल एकच, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. फोनच्या साउंडमध्ये जाऊन `Touch sounds` बंद केलं (नवीन फोनवर `Tap & click sounds` लिहिलेलं असतं, सॅमसंगवर अजून वेगळं) तरी कीबोर्ड वाजत राहतो, कारण कीबोर्ड स्वतंत्र ॲप आहे. Gboard असेल तर त्याच्या `Preferences` मध्ये `Sound on keypress` वेगळं बंद करावं लागतं. आणि बॅटरी वाचेल म्हणून हे सगळं बंद करा असं कुणी सांगत असेल तर त्याने जाणवण्यासारखं काही वाचत नाही.

घरी लँडलाइन असेल आणि ‘एक दाबा’ लागत नसेल तर आधी कानाला लावून ९ दाबून बघा. लांब टकटक आली तर पल्स, एकच सलग पीं आला तर टोन. जुन्या डब्याच्या खाली किंवा बाजूला `P` आणि `T` लिहिलेलं छोटं स्विच असतं, ते `T` कडे सरकवा. कॉर्डलेसवर ते मेनूतच असतं. मधल्या वेळेला काम अडलं असेल तर बऱ्याच सेटवर आधी * दाबायचा, त्या कॉलपुरता टोन होतो, फोन ठेवला की परत पल्स. आणि सेटचा मॉडेल नंबर इथे टाकलात तर मेनूत नेमकं कुठे आहे ते बघून सांगते, संध्याकाळी सातनंतर मी असते.