कव्हर लेटरमध्ये रिपोर्टच्या आधी ठरत आलेला निर्णय लिहा

प्रश्न: ठाण्यातल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत मी रिपोर्टिंग बघते. ऐरोलीतल्या एका कंपनीत अ‍ॅडव्हर्टायझिंग अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. पत्रात तीन कामं लिहिली आहेत. एक, घोडबंदर रोडवरच्या गृहप्रकल्पाचा लीड रिपोर्ट. तो बघून क्लायंटने गूगल सर्चचे पैसे फेसबुककडे वळवायचं थांबवलं. दोन, नेरूळच्या फिजिओथेरपी क्लिनिकचा सर्च रिपोर्ट. तीन, लुकर स्टुडिओतला डॅशबोर्ड. पत्र वाचलं की कामांची यादी वाटते. कसं लिहू?

उत्तर: तिन्ही कामांना सारखी जागा देऊ नका. निम्मं पत्र घोडबंदरच्या प्रकल्पाला द्या, क्लिनिकला दोन-तीन वाक्यं पुरतील. डॅशबोर्ड पत्रातून काढा आणि रेझ्युमेत एका ओळीत ठेवा, कारण त्याच्यामुळे कोणी काही वेगळं ठरवलं असं तुम्ही लिहिलेलं नाही.

अशा जागांसाठी आलेली पत्रं मी बरीच वाचली आहेत. जवळपास प्रत्येकात 'साप्ताहिक रिपोर्ट तयार केले, ट्रेंड शोधले' हे असतंच. तुमच्याकडे त्याहून मोलाचं काहीतरी आहे आणि ते तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात: पैसे वळवायचं ठरत आलं होतं, ते थांबलं. पत्राची सुरुवात तिथून करा. कोण काय ठरवत होतं, ते कुठल्या आकड्यावर ठरत होतं, तुम्ही दुसरा कुठला आकडा पुढे ठेवला आणि मग काय बदललं, एवढं चार वाक्यांत आलं की पत्र यादीसारखं वाटणार नाही.

तुमचे खरे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून सोपे आकडे धरून दाखवते. समजा, तीन महिन्यांत फेसबुकवर ६ लाख आणि सर्चवर ६ लाख रुपये गेले. फेसबुकच्या लीड फॉर्ममधून २४०० लीड आल्या, म्हणजे एक लीड २५० रुपयांना. सर्चमधून ६०० आल्या, म्हणजे एक लीड १००० रुपयांना. क्लायंट एवढंच बघतो आणि म्हणतो, चौपट महाग लीड कशाला घ्यायच्या, सगळं फेसबुकला टाका. आता साइट ऑफिसचं रजिस्टर जोडून बघा. फेसबुकच्या लीडपैकी ४८ जण फ्लॅट बघायला आले आणि सर्चच्या लीडपैकी ७२. फेसबुकवरून आलेली एक साइट व्हिजिट १२,५०० रुपयांना पडली आणि सर्चवरून आलेली सुमारे ८,३३३ रुपयांना. लीड चौपट महाग, पण व्हिजिट दोन-तृतीयांश किमतीत. पत्रात हे एकच वाक्य घातलं तरी तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला कळतं.

पण ते वाक्य लिहिण्याआधी त्यामागचं काम पक्कं आहे ना हे तपासा, कारण मुलाखतीत प्रश्न तिथेच येतील.

पहिला प्रश्न: लीड आणि व्हिजिट कशा जुळवल्या? बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबरवरून जुळवतात, आणि घोळ तिथेच होतो. एका यादीत +91 असतं, दुसरीत सुरुवातीला शून्य, तिसरीत मध्ये जागा सोडलेली. शेवटचे दहा अंक काढून जुळवले असतील तर तसं सांगा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

तोच नंबर दोन्हीकडे आला असेल तर तो कुणाच्या खात्यात धरला, हेही आधी ठरवून ठेवा. फेसबुक आणि गूगल या दोघांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये तो माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो. मेटा साधारणपणे क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा एक दिवस धरतं, तर गूगल अ‍ॅड्स क्लिकनंतरचे तीस दिवस धरतं. म्हणून दोघांची बेरीज सीआरएमपेक्षा जास्त निघते. तुम्ही सीआरएमची नोंद प्रमाण मानली असेल तर ते चार शब्दांत पत्रात लिहा. जाणकार वाचणारा तेवढ्याने थांबतो.

दुसरा प्रश्न तारखेचा. या महिन्यातल्या व्हिजिट भागिले या महिन्यातल्या लीड असा हिशेब केला असेल तर तो चुकतो. आज आलेली लीड शनिवार-रविवार बघून, घरच्यांना घेऊन, कधी दोन-तीन आठवड्यांनी साइटवर येते. ज्या कॅम्पेनचं बजेट नुकतं वाढलंय, त्याच्या लीड ताज्या असतात, म्हणून ते कॅम्पेन उगाच वाईट दिसतं. हिशेब लीडच्या तारखेवरून धरायचा आणि ज्या लीडना पुरेसे आठवडे मिळालेले नाहीत त्या बाजूला ठेवायच्या. गडबड ओळखायची खूणही सोपी आहे: दर महिन्याचा व्हिजिटचा टक्का शेवटच्या महिन्यात एकदम खाली गेलेला दिसला, तर आधी लीडचं वय तपासायचं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि अर्जदार तो क्वचितच स्वतःहून काढतात. दोन्हीकडच्या लीडना फोन सारख्याच वेळेत गेले का? वेबसाइटवरून आलेली चौकशी बऱ्याचदा लगेच टेलिकॉलरच्या स्क्रीनवर येते. फेसबुकच्या फॉर्मच्या लीड मात्र कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उतरवून वाटतं. तोपर्यंत त्या माणसाला आणखी चार प्रकल्पांचे फोन येऊन गेलेले असतात. घोडबंदर रोडला तर प्रकल्पाला लागून प्रकल्प आहेत. अशा वेळी फेसबुकचा २ टक्के हा आकडा फेसबुकचा आहे की उशिरा गेलेल्या फोनचा, हे वेगळं करावं लागतं. ज्या लीडना त्याच दिवशी फोन गेला, फक्त त्या घेऊन बघा. समजा तिथे फेसबुकचा टक्का ४ निघाला. मग २५० रुपयांच्या लीडमागे व्हिजिट ६,२५० रुपयांना पडते आणि निष्कर्ष उलटतो. अर्थात, त्याच दिवशी फोन गेलेल्या लीड मुळातच ऑफिसच्या वेळेत आलेल्या, जास्त उत्सुक लोकांच्या असू शकतात, त्यामुळे हाही पुरावा शेवटचा नाही. पण एवढं कळलं की 'सर्च चांगलं, फेसबुक वाईट' असं पत्रात लिहायचं नाही. 'पैसे हलवण्याआधी फोनचा उशीर दूर करावा असं सुचवलं' हे लिहायचं. तुमच्या क्लायंटने पुढे लीड फॉर्म थेट सीआरएमला जोडला असेल तर तो दुसरा बदललेला निर्णय आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा.

बुकिंगच्या आकड्यांचा मोह टाळा. एका मध्यम प्रकल्पात तीन महिन्यांची ऑनलाइन बुकिंग बोटांवर मोजण्याइतकी असू शकतात, आणि जाहिरात बघून चॅनल पार्टनरबरोबर आलेला माणूस चॅनल पार्टनरच्याच नावावर नोंदला जातो. तेवढ्यावरून कॅम्पेनची तुलना टिकत नाही. व्हिजिटपर्यंतच दावा करा आणि तो तिथे का थांबवला हे अर्ध्या वाक्यात सांगा.

पत्र तुम्ही इंग्रजीत पाठवाल, पण आशयाची मांडणी आधी आपल्या भाषेत पक्की करा. मी हा परिच्छेद असा लिहिला असता:

> ठाण्यातल्या एका गृहप्रकल्पासाठी क्लायंट सर्चचं संपूर्ण बजेट फेसबुककडे वळवणार होता, कारण तिथली लीड चौपट स्वस्त होती. मी तीन महिन्यांच्या लीड मोबाइल नंबरवरून साइट ऑफिसच्या नोंदींशी जुळवल्या आणि लीडच्या तारखेनुसार हिशेब केला. सर्चवरून आलेली साइट व्हिजिट दोन-तृतीयांश खर्चात पडत होती. मात्र फेसबुकच्या लीडना फोन एक दिवस उशिरा जात होता, म्हणून फरकाचा काही भाग त्यामुळे असू शकतो हे मी रिपोर्टमध्येच नमूद केलं. क्लायंटने बजेट आहे तसं ठेवलं आणि फेसबुकचा फॉर्म सीआरएमला जोडून घेतला. बुकिंगची संख्या कमी असल्याने तुलना व्हिजिटपर्यंतच मर्यादित ठेवली.

यातलं जे तुमच्याकडे घडलं नाही ते काढून टाका. फोनच्या वेळा तुम्ही तपासल्या नसतील आणि डेटा अजून हाताशी असेल तर अर्ज करण्याआधी तपासा. एका संध्याकाळचं काम आहे. 'मी' आणि 'आम्ही' हेही जपून वापरा. जुळवणी तुम्ही केली आणि क्लायंटशी बोलले तुमचे सर, असं असेल तर तसंच लिहा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आणि ठाण्यातल्या एजन्सींमधली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि एका फोनवर खरं काय ते कळतं.

क्लिनिकचं काम तुम्ही तपशिलात सांगितलेलं नाही, पण अशा खात्यात मी पहिल्यांदा ठिकाणाचं सेटिंग बघते. गूगल अ‍ॅड्समध्ये ते आपोआप `Presence or interest` वर असतं, म्हणजे नेरूळमध्ये नसलेल्या पण नेरूळमध्ये रस दाखवलेल्या माणसालाही जाहिरात दिसते. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा यायचं असतं, लांबचा पेशंट टिकत नाही, तिथे `Presence` योग्य. घोडबंदरच्या फ्लॅटसाठी मात्र हेच सेटिंग घट्ट केलं तर पुण्यात बसून ठाण्यात घर शोधणारा खरा गिऱ्हाईक हातचा जातो. तुमच्या रिपोर्टमधून असा काही बदल झाला असेल तर दोन्ही खात्यांत वेगळं का ठेवलं हे एका वाक्यात लिहा. सर्च टर्म बघून फक्त नकोसे शब्द वगळले असतील तर तेवढंच लिहा, आणि कुठले दोन-तीन शब्द वगळले ते नावानिशी द्या. 'फिजिओथेरपी कोर्स', 'फिजिओथेरपिस्ट जॉब' अशी उदाहरणं दिली की काम डोळ्यांसमोर येतं.

क्लायंटचं नाव आणि रुपयांचे आकडे पत्रात देऊ नका. चौपट, दोन-तृतीयांश अशी प्रमाणंच द्या. मुलाखतीला जाताना त्याच तक्त्याची नाव आणि नंबर काढलेली, आकडे बदललेली एक पानाची प्रत जवळ ठेवा. त्यात स्तंभ पाचच असू द्या: माध्यम, खर्च, लीड, त्याच दिवशी फोन गेलेल्या लीड, व्हिजिट. समोरचा माणूस बहुधा चौथ्या स्तंभावर बोट ठेवून विचारायला लागेल.