डेटिंग चॅटमध्ये समोरच्यालाही तितकाच रस आहे की मीच एकटी बोलणं ओढतेय, हे कसं ओळखायचं?

गेल्या दोन आठवड्यांचं चॅट वर सरकवून बघा: रात्रभराच्या खंडानंतर पहिला मेसेज बहुतेक वेळा तुमचाच असेल आणि तुमच्या उत्तरांवर उलट प्रश्न येत नसेल, तर भार तुमच्यावरच आहे. या दोन्हींतही तुमच्या बोलण्याला धरून आलेला पुढचा प्रश्न जास्त बोलका असतो. 'आज प्रेझेंटेशन होतं, हात थरथरत होते' यावर 'अरे वा, छान' आलं, तर विषय तिथेच संपला. 'मग कसं झालं? कुणी अडवलं का?' आलं, तर तो खरंच ऐकतोय. नुसतं 'आणि तू?' मी अर्धंच धरेन. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये स्पीड डेटिंगच्या संभाषणांत हेच पाहिलं: उत्तराला धरून पुढचे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले. शंका राहिली तर दोन-तीन मेसेज प्रश्न न विचारता संपवा आणि धागा तो उचलतो का बघा. मुद्दाम अबोला मात्र धरू नका, त्यातून गैरसमजच होतो. काहींना टाइप करायचाच कंटाळा असतो. असा माणूस स्वतःहून फोन करत असेल, भेटीचा दिवस ठरवत असेल, तर चॅटमधला हिशोब सोडून द्या.