घुमट असलेल्या फेज डायग्राममध्ये कुठल्या भागात कोणते फेज आहेत, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: "बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन घटकांच्या घन-द्रव आकृतीत मधोमध घुमटासारखा उंचवटा असला (संयुग तयार होतं तेव्हा), की कुठल्या भागात काय लिहायचं ते कळत नाही. पाठ करतो आणि परीक्षेत विसरतो. काही युक्ती आहे का?"

पाठ करू नका, पट्टी घ्या. मी हा भाग वर्गात मॅग्नेशियम-सिलिकॉनवर शिकवतो, कारण त्यात Mg₂Si हे एकच संयुग आहे आणि आकृती स्वच्छ येते.

डावीकडे शुद्ध मॅग्नेशियम, ते 650 अंश सेल्सिअसला वितळतं. उजवीकडे शुद्ध सिलिकॉन, 1414 अंशांना. मध्ये 33.3 अणू टक्के सिलिकॉनवर Mg₂Si ची उभी रेघ आहे. ती सरळ वर जाऊन घुमटाच्या माथ्याला साधारण 1085 अंशांवर टेकते. रेघ माथ्याला टेकली म्हणजे संयुग न फुटता वितळतं आणि त्याच्या द्रवाचं प्रमाण त्याच्याइतकंच असतं. रेघ वक्राच्या खालीच एखाद्या आडव्या रेघेवर थांबली असती, तर ते संयुग वितळताना फुटणारं ठरलं असतं आणि तिथे वाचन वेगळं झालं असतं.

ही उभी रेघ म्हणजे भिंत समजा. भिंतीच्या डावीकडे मॅग्नेशियम आणि Mg₂Si यांची साधी युटेक्टिक आकृती, उजवीकडे Mg₂Si आणि सिलिकॉन यांची. डावीकडचा युटेक्टिक 638 अंशांना, जेमतेम 1.2 टक्के सिलिकॉनवर, म्हणजे जवळजवळ कडेलाच आहे. उजवीकडचा 946 अंशांच्या आसपास, 53 टक्क्यांवर.

आता ज्या भागाचं नाव हवं, त्यात बिंदू घ्या आणि त्यातून पट्टी आडवी ठेवा. डावी-उजवीकडे सरकत ती पहिल्यांदा ज्या दोन रेघांना लागते, ते दोन फेज. वक्राला लागली तर द्रव, उभ्या रेघेला लागली तर त्या रेघेचा घन. सगळ्या वक्रांच्या वरचा भाग मात्र एकटा द्रव.

20 टक्के सिलिकॉन, 800 अंश घेऊ. डावीकडे पट्टी वक्राला लागते, उजवीकडे Mg₂Si च्या भिंतीला. उत्तर: द्रव आणि घन Mg₂Si. तसंच खाली 500 अंशांवर या. आता डावीकडे मॅग्नेशियमची कड, उजवीकडे तीच भिंत. उत्तर: घन मॅग्नेशियम आणि घन Mg₂Si. इथे हमखास "मॅग्नेशियम आणि सिलिकॉन" लिहिलं जातं, आणि ते चूक आहे. पट्टी भिंत ओलांडून पलीकडे जातच नाही. हिशेबही तेच सांगतो: 100 अणूंतले 20 सिलिकॉनचे अणू 40 मॅग्नेशियम घेऊन संयुगात बसले, उरले 40 मॅग्नेशियम. मोकळं सिलिकॉन उरलंच नाही.

घुमटाच्या दोन्ही बाजूंना "द्रव आणि Mg₂Si" असाच भाग आहे, पण दोन्हीकडे गोष्ट उलटी घडते. 20 टक्क्यांचा द्रव थंड होताना Mg₂Si बाहेर पडतं. ते द्रवापेक्षा सिलिकॉनने श्रीमंत, म्हणून उरलेला द्रव मॅग्नेशियमकडे सरकत 638 च्या युटेक्टिकला पोचतो. 45 टक्क्यांच्या द्रवातूनही आधी Mg₂Si च येतं, पण तिथे ते द्रवापेक्षा सिलिकॉनने गरीब आहे, म्हणून द्रव उजवीकडे 946 च्या युटेक्टिककडे जातो. शेवटी घनात 55 मॅग्नेशियमसोबत 27.5 सिलिकॉन संयुगात, आणि 17.5 सिलिकॉन मोकळं.

एक सावधगिरी: आडव्या अक्षावर काय आहे ते आधी वाचा. तिथे वजनी टक्के असतील तर हीच भिंत 36.6 वर दिसेल.

प्रत्यक्षात हे पडताळायचं तर शीतन-वक्र काढतात. अगदी नेमकं 33.3 टक्क्यांचं मिश्रण असेल तर तापमान फक्त 1085 ला थबकतं, कारण तिथे ते एकाच घटकासारखं वागतं. पण शुद्ध मॅग्नेशियम 1090 अंशांच्या सुमारास उकळतं, त्यामुळे उघड्या मुशीत वितळवताना त्याची वाफ उडते आणि मिश्रण नकळत उजवीकडे सरकतं. मग 946 जवळ दुसरा छोटा थांबा दिसतो. तो दिसला की समजायचं, आपण भिंतीच्या सिलिकॉनच्या बाजूला आहोत. दुसरा थांबा 638 ला आला, तर मॅग्नेशियम जास्त आहे.