आवक नंबर कुठाय?

प्रश्न: नमस्कार वकीलसाहेब. मी बेळगावच्या एका कॉलेजमधून २०२४ ला बीकॉम झाले. आयर्लंडला मास्टर्सला ॲडमिशन मिळतंय, त्यासाठी बोनाफाईड आणि मायग्रेशन पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी कॉलेज ऑफिसात अर्ज दिला, तेव्हापासून क्लार्क म्हणतात साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या. आता म्हणतात मायग्रेशन आम्ही देतच नाही, आणि तुमची ३,२०० रुपये बाकी आहे ती आधी भरा. कागद पाठवायला २४ दिवस राहिलेत. अर्जाची कॉपी ठेवलेली नाही. कॉलेजला नोटीस पाठवता येईल का? (निपाणी)

उत्तर: पाठवता येईल की, पण त्या नोटिशीत लिहू काय? "आमच्या पक्षकाराने अमुक तारखेला अर्ज दिला" असं पहिलंच वाक्य असतं आणि तुमच्याकडे ती तारीखच नाही. कॉलेज एका ओळीत उत्तर देईल, असा कुठला अर्ज आमच्याकडे आलेला नाही. मग तुम्ही म्हणणार अहो मी स्वतः टेबलावर ठेवला, आणि ते खरंच असणार, पण खरं असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं.

नोटीस ही पहिली पायरी, पुढची धारवाड. हायकोर्टाच्या धारवाड पीठापुढे कलम २२६ खाली रिट घालायचं म्हणजे सर्टिफिकेट द्या असा आदेश मागायचा, आणि असा आदेश मागणाऱ्याला कोर्ट साधारण पहिल्यांदा एवढंच विचारतं, तुम्ही रीतसर मागितलं होतं का आणि त्यांनी नकार दिला किंवा गप्प बसले का. मागणी आणि नकार, दोन्ही कागदावर पाहिजेत. तुमचे दोन महिने कोर्टाच्या हिशोबात शून्य दिवस आहेत. दर जूनमध्ये माझ्याकडे असले पाच-सहा जण येतात आणि प्रत्येकाला मी एकच विचारतो, आवक नंबर कुठाय, आणि प्रत्येकजण खिशातून मोबाईल काढून क्लार्कला केलेले कॉल दाखवतो.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा असाच आला होता, सात हेलपाटे झालेले. त्याचा अर्ज नंतर सापडला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी परीक्षा फॉर्मखाली, दोन घड्या घातलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि गोल शिक्का नाही. म्हणजे तो अर्ज ऑफिसच्या रजिस्टरला कधी चढलाच नव्हता, त्यामुळे कुणाच्या टेबलावर जायचं कारणच नव्हतं. नवा अर्ज शिक्का मारून घेतला तर बोनाफाईड पाचव्या दिवशी मिळालं. नोटीस नाही, काही नाही.

दुसरी गोष्ट, क्लार्क इथं बरोबर बोलतोय आणि तुम्ही चुकलात. मायग्रेशन हे विद्यापीठ देतं, संलग्न कॉलेज नाही. बोनाफाईड मात्र कॉलेजचं. दोन्ही एकाच अर्जात प्रिन्सिपलना मागितलं की अर्धा अर्ज चुकीच्या दारात जातो आणि त्या अर्ध्यापायी उरलेला अर्धाही अडकून पडतो. तुमचं कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेलं असेल असं धरतो, मार्क्स कार्डावर छापलेलं नाव बघून खात्री करा. (ते विद्यापीठ २०१० चं, त्याच्या आधी पास झालेल्यांनी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात चौकशी करावी, आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ.) विद्यापीठ बहुतेक टीसी आणि शेवटची मार्क्स कार्ड मागेल, टीसी अजून घेतला नसेल तर तोही आत्ताच मागा.

म्हणून उद्या दोन वेगळे अर्ज. पहिला प्रिन्सिपलना, विषय एकच, बोनाफाईड. त्यात नाव, रजिस्टर नंबर, बीकॉम, २०२१-२२ ते २०२३-२४ (मधे वर्ष गेलं असेल तर खरी वर्षं), परदेशी प्रवेशासाठी हवं, आणि आधी तोंडी विनंती व अर्ज केला होता हेही एका वाक्यात. तुम्ही पास होऊन गेलात, तेव्हा "शिकत आहे" असा छापील मजकूर तुम्हाला चालायचा नाही, "या काळात आमची विद्यार्थिनी होती" असं लिहून मागा, आपल्याकडं बरीच कॉलेजं त्याला स्टडी सर्टिफिकेट म्हणतात. दुसरा अर्ज विद्यापीठाला, मायग्रेशनचा, त्यांच्या फॉर्मवर आणि त्यांची फी भरून, पावती जपून.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांची, दुसरीवर गोल शिक्का, आवक नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही, आणि तो कागद हातात आल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. "ठेवा, बघतो" म्हणाले तर वाद न घालता बाहेर येऊन स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ पासून त्यातच विलीन झालंय), पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या, आणि त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पण. अर्ज इंग्रजीत लिहा. मराठीत द्यायचा हक्क आहे का, तर घटनेचं कलम ३५० सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करायला परवानगी देतं, पण तो मुद्दा लढवायला तुमच्याकडे २४ दिवस नाहीत. सीमेचा दावाच २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्यात तुमची ॲडमिशन जोडू नका.

नाव मात्र दहा वेळा बघा. आपल्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं इनिशियल असतं, पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव, आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना जाधवचं जादव झालेलं मी कितीदा पाहिलंय. बोनाफाईड मार्क्स कार्डाप्रमाणेच घ्या, आणि पासपोर्टशी फरक असेल तर आयर्लंडच्या विद्यापीठाला अफिडेव्हिट चालेल का हे आत्ताच मेलवर विचारा, शेवटच्या दिवशी नाही.

३,२०० रुपयांचं. ॲडमिशनच्या वेळी घेतलेली मूळ कागदपत्रं संस्थेनं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीनं २०१८ मध्ये सांगितलंय आणि शैक्षणिक सर्टिफिकेट म्हणजे तारण ठेवायचा माल नव्हे असं मद्रास हायकोर्टही म्हणालंय. पण नव्यानं द्यायचं बोनाफाईड बाकीसाठी थांबवता येतं का, हे इतकं सरळ नाही, कॉलेज कुठल्या प्रकारचं आणि बाकी कशाची यावर बरंच आहे. मी तुमच्या जागी असतो तर बाकीचा तपशील लेखी मागितला असता, आणि दोन दिवसांत नाही आला तर "हक्क राखून भरत आहे" असं पत्र जोडून पैसे भरून पावती घेतली असती. परताव्याचं भांडण नंतर करता येतं, ते तातडीचं नाही.

आरटीआयचा विचार मनात असेल तर सोडा, ३० दिवसांची मुदत आहे, तुमच्या २४ दिवसांपेक्षा जास्त. ग्राहक आयोगाचं पण तेच, शिक्षण ही सेवा आहे की नाही यावरच तिथं आधी वाद.

आणि हो, ऑफर लेटर स्वतः वाचलंय का? मायग्रेशन हा आपल्या इकडचा कागद आहे, बाहेरची बरीच विद्यापीठं ट्रान्सक्रिप्टवर भागवतात, आणि एजंटच्या चेकलिस्टमध्ये तो नुसता सवयीनं टाईप केलेला असतो. ऑफर लेटरमध्ये तो शब्द नसेल तर तिथल्या ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचारा. ते "नको" म्हणाले तर तुमचं अर्धं काम तिथंच संपलं, आणि राहिलं बोनाफाईड. त्याचा शिक्का उद्या सकाळी मारून घ्या. नंतर दहा दिवस कॉलेज गप्प बसलं तर तो शिक्का मारलेला कागद घेऊन या, मग नोटीस मी त्याच दिवशी काढतो.