दहा वर्षांचे हप्ते, दोन क्लेम आणि मधली कपात

प्रश्न: दहा वर्षं झाली फॅमिलीची मेडिक्लेम पॉलिसी भरतोय, क्लेम दोनदाच मिळालाय. पॉलिसी परवडली की पैसे पाण्यात गेले, हे हिशोबाने कसं बघायचं?

माझेही दोनच क्लेम आहेत आणि हा हिशोब मी गेल्या वर्षी मे महिन्यात बसून केला, तेव्हा माझंच पान उघडून दाखवतो. बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, कुठल्या जॉबला किती माल लागला हे लिहायची सवय आहे, त्याच वहीच्या मागच्या पानावर पॉलिसी लिहिली.

पॉलिसी जून २०१५ ला घेतली, ५ लाखाचा फ्लोटर, मी, मिसेस आणि दोन पोरं. पहिला हप्ता टॅक्ससकट १३,८०० होता, पाच वर्षं साधारण तिथंच राहिला, २०२० ला कंपनीनं रेट वाढवले तसा १७,६०० झाला, २०२३ ला मी ४६ चा झालो आणि वयाचा टप्पा बदलला म्हणून एकदम २६,३००, आणि २०२४ ला ३१,५००. दहा हप्त्यांची बेरीज १,८२,७५०. पावत्या सापडत नसतील तर टेन्शन घेऊ नका, कंपनीच्या साइटवर दरवर्षीचं ८०डी सर्टिफिकेट मिळतं, त्यात भरलेली रक्कम असते, नाहीतर पासबुक आहेच.

पहिला क्लेम २०१८ चा, लेकीला डेंग्यू झाला होता, बिल ३८,४००, मिळाले ३३,९००. दुसरा २०२२ चा, मिसेसच्या पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन, बिल ९६,०००, मिळाले ७२,४००. एकूण मिळाले १,०६,३००. म्हणजे भरलेल्या शंभर रुपयांतले ५८ परत आले. इथंच बहुतेक लोक वही बंद करतात आणि एजंटला शिव्या घालतात. मीपण घातल्या. पण फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या ज्या कंपन्या आहेत त्या सगळ्या गिऱ्हाइकांचे मिळून शंभरातले साठ-पासष्टच क्लेमला देतात, सरकारी कंपन्यांचा आकडा शंभरीच्या आसपास जातो, तेव्हा ज्याच्या घरात मोठं दुखणं आलं नाही त्याला पन्नास-साठ परत मिळणं यात कुणी फसवलं असं नाही. त्या आकड्यावरून पॉलिसी चांगली की वाईट हे कळतच नाही, फक्त आपलं नशीब बरं होतं एवढं कळतं.

मग काय बघायचं? मी दोन गोष्टी बघितल्या.

पहिली गोष्ट माझ्या मेहुण्याच्या बोलण्यावरून सुचली. तो म्हणाला, "दाजी, हेच पैसे बँकेत टाकले असते तर?" बरं, करून बघू म्हटलं. दरवर्षी हप्त्याएवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकली, व्याज ६ टक्के धरलं आणि ते दोन क्लेम त्याच खात्यातून काढले असं मांडलं. जून २०२५ ला खात्यात साधारण १,१०,००० उरतात. मेहुणा खूश! पण मी शेवटचा आकडा सोडून मधले आकडे वाचले. २०१७ च्या जूनला त्या खात्यात ४४,००० च्या आसपास होते. डेंग्यूनंतर २८,०००. दहा वर्षांत सगळ्यात जास्त कधी होते तर २०२२ ला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, १,१३,०००. म्हणजे दहा वर्षांत एकही दिवस असा नव्हता की दोन लाखाचं बिल त्या खात्यातून भागलं असतं. अँजिओप्लास्टी म्हणा, हायवेवरचा अपघात म्हणा, मिरजेला नाहीतर कोल्हापूरला हलवायची वेळ आली असती तर त्या वर्षी दागिने गहाण किंवा सोसायटीचं कर्ज. तुम्हीपण असंच मांडा, आणि शेवटची शिल्लक बघत बसू नका, प्रत्येक वर्षीची शिल्लक बघा. ज्याच्याकडे आधीच सात-आठ लाख बाजूला पडून आहेत त्याचं उत्तर वेगळं येईल, माझ्याकडे नव्हते.

आणि किंमत किती पडली? भरले त्यातून मिळाले ते वजा केले तर ७६,४५०. पहिली आठ वर्षं मी जुन्या टॅक्स पद्धतीत होतो, २० टक्क्याचा स्लॅब, तिथं ८०डी मध्ये साधारण २५,००० वाचले (नव्या पद्धतीत गेल्यापासून काही नाही). राहिले ५१,००० च्या घरात. वर्षाला पाच हजाराच्या आसपास देऊन ५ लाखाचा आधार डोक्यावर होता. मला ते महाग वाटलं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते पॉलिसीचा खरा दर्जा इथंच कळतो. हप्त्याशी तुलना सोडा, बिल किती होतं आणि त्यातलं मिळालं किती हे लिहा. माझी दोन बिलं मिळून १,३४,४००, मिळाले १,०६,३००, म्हणजे ७९ टक्के. डेंग्यूच्या वेळी ४,५०० कापले, रजिस्ट्रेशन, हातमोजे, मास्क, असलं किरकोळ. ऑपरेशनच्या वेळी मात्र २३,६०० कापले आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभं राहून मला काही कळेनाच. एजंटनं सांगितलेलं, "अण्णा, काय काळजी करू नका, सगळं कॅशलेस हाय."

ते सेटलमेंट लेटर मी घरी आल्यावर तीनदा वाचलं तेव्हा उलगडा झाला. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का मर्यादा होती, म्हणजे दिवसाला ५,०००. आम्ही घेतली ती खोली ७,००० ची, कारण ५,००० ची रिकामी नव्हती. तीन दिवस. मी मनात धरलेलं की रोजचे दोन हजार, म्हणजे सहा हजार आपण भरू, जाऊदे. पण तसं नसतंय. तुम्ही सातातल्या पाचाचे हक्कदार, तर डॉक्टरांची फी, ओटी, भूलतज्ज्ञ, नर्सिंग या सगळ्याचेही सातातले पाच भागच मिळणार, कारण महाग खोलीत त्याच सर्जनची फीपण जास्त लावतात. माझ्या बिलात हे सगळं मिळून ४९,००० होतं, त्याचे ३५,००० मंजूर झाले, १४,००० गेले. खोलीचे ६,००० वेगळे. आणि औषधांच्या १८,००० मधले ३,६०० हातमोजे-ड्रेप वगैरे म्हणून गेले. तपासण्यांचे ८,००० पूर्ण मिळाले, कारण औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना हा सातातल्या पाचाचा नियम लावता येत नाही, २०२० पासून तसं ठरलंय. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे बाकीचे रेट बदलतच नाहीत तिथंही ही कपात लावता येत नाही, तेव्हा तुमची अशी कपात झाली असेल तर हॉस्पिटलचं रेटकार्ड मागा, दोन्ही खोल्यांना एकच सर्जन फी दिसली तर कंपनीकडे लेखी तक्रार करा.

हे कळल्यावर मला हप्ता वाढल्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. २०१५ ला आमच्या इथं चांगली सिंगल रूम अडीच हजारात मिळायची, तेव्हा ५,००० ची मर्यादा म्हणजे ऐसपैस. मर्यादा तिथंच राहिली, खोल्या पुढं गेल्या. म्हणजे माझा हप्ता दुपटीच्या वर गेला आणि पॉलिसी मात्र दरवर्षी थोडी थोडी लहान होत गेली, आणि ही गोष्ट कुठल्याही रिन्युअल नोटिशीत लिहून येत नाही. त्या ५ लाखाचंही तेच.

वही लिहिताना आपलीही एक चूक सापडली ती सांगतो, लाज वाटते पण तुमचीही असेल. ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या बाहेरच्या लॅबमध्ये केल्या होत्या, नंतर दोन आठवडे औषधं, मिळून ७,००० च्या आसपास. ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस असा खर्च माझ्या पॉलिसीत बसत होता, पण कॅशलेसमध्ये तो आपोआप येत नाही, बिलं आणि प्रिस्क्रिप्शन लावून वेगळा फॉर्म ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. मी दिलाच नाही. तेव्हा कंपनीनं न दिलेले आणि आपण न मागितलेले असे दोन वेगळे रकाने ठेवा, नाहीतर आपला आळस पॉलिसीच्या नावावर जातो.

अजून एक रकाना टॅक्सचा वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. माझं रिन्युअल जूनमध्ये, मी भरून बसलो; वहिनीचं ऑक्टोबरमध्ये होतं, ती नशीबवान. पण यामुळं एकूण आकडा खाली दिसेल आणि कंपनीनं मूळ रेट वाढवला असेल तर लक्षात येणार नाही, म्हणून मूळ हप्त्याची मूळ हप्त्याशीच तुलना करा.

मी काय केलं? पॉलिसी बंद केली नाही, दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली. १० लाखाची, खोलीभाड्याला मर्यादा नसलेली, आणि थोडे जास्त पैसे देऊन हातमोजे-मास्कवाला खर्च देणारी. पोर्ट करताना जुन्या आजारांचा झालेला वेटिंग पिरियड जुन्या विमा रकमेपुरता पुढं धरतात, वाढवलेल्या ५ लाखाला मात्र तो नव्यानं मोजतात, हे एजंट सांगत नाही. अर्ज रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी टाकायचा, आणि नवी कंपनी लेखी हो म्हणेपर्यंत जुनी सोडायची नाही, कारण शुगर-बीपी बघून ते नाही म्हणू शकतात. माझ्या शेजारच्या शॉपवाल्याला नाही म्हणाले, आणि तोवर त्याची जुनी तारीख उलटून चार दिवस झाले होते, ग्रेस पिरियडमध्ये पळापळ करून भरली.

तुमच्या दोन क्लेमची सेटलमेंट लेटरं काढा आणि कपातीच्या ओळी आधी वाचा. नुसते हातमोजे-रजिस्ट्रेशन असेल तर पॉलिसी ठीक आहे, तशीच चालू दे. खोलीभाड्याची ओळ सापडली तर आज तुम्ही ज्या हॉस्पिटलात जाल तिथल्या सिंगल रूमचा रेट फोन करून विचारा आणि तुमच्या मर्यादेशेजारी लिहा, आणि तुमची रिन्युअलची तारीख कुठली आहे तेवढी खाली कमेंटमध्ये सांगा.