सिंपल पेंड्युलमचा तक्ता: सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि परसेंट एरर

प्रश्न: प्रॅक्टिकलचा तक्ता माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉटमध्ये आहे. २० दोलनांचा वेळ सेकंदात: ४०.२, ४०.५, ४०.१ की ४०.७ (पुसट आहे), ४०.४, ४०.३. खाली सरासरी ४०.३ दिसते. लांबी १०० सेंमी. सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि g चा परसेंट एरर कसा काढू? बीएस्सी पहिलं वर्ष, नागपूर.

उत्तर:

आधी तो पुसट आकडा. तिथे ४०.७ धरला तर पाचांची बेरीज २०२.१ आणि सरासरी ४०.४२ येते, म्हणजे खाली ४०.४ दिसायला हवं होतं. ४०.१ धरला तर बेरीज २०१.५ आणि सरासरी बरोबर ४०.३. तेव्हा आकडा ४०.१ आहे. स्क्रीनशॉटवरून उतरवलेल्या कुठल्याही तक्त्यात बेरीज अशी एकदा जुळवून घ्या. १ आणि ७, ३ आणि ८ यांची गल्लत फार होते.

आता सरासरीपासूनचे फरक पाहा: −०.१, ०.२, −०.२, ०.१, ०. त्यांचे वर्ग करून बेरीज केली की ०.१० येते. तिला पाचाने नाही, चाराने भागायचं. सरासरी याच पाच आकड्यांतून काढलेली असल्यामुळे फरकांची बेरीज नेहमी शून्यच येते; चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, म्हणून स्वतंत्र माहिती चारच फरकांत आहे. ०.१० ÷ ४ = ०.०२५, वर्गमूळ ०.१५८. म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ०.१६ सेकंद. पाचाने भागलं असतं तर ०.१४ आलं असतं. मित्राचं आणि तुमचं उत्तर जुळत नसेल तर बहुतेक वेळा भांडण एवढंच असतं. शीटमध्ये ही दोन वेगळी सूत्रं आहेत, आपल्याला पहिलं हवं:

```
=STDEV.S(B2:B6)
=STDEV.P(B2:B6)
```

हे ०.१६ सेकंद २० दोलनांचे आहेत. एका दोलनाचा काळ T = ४०.३ ÷ २० = २.०१५ सेकंद, आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशनही २० ने भागून ०.००८ सेकंद. जर्नल तपासताना मला दिसतं की मुलं T ला भागतात आणि याला भागायचं विसरतात.

g साठी लांबी मीटरमध्ये घ्या:

```
g = 4π²L/T² = 39.48 × 1.00 / 4.060 = 9.72 m/s²
```

परसेंट एररमध्ये छेदात मान्य किंमत येते, आपली नाही. आणि मान्य किंमत कोणती, हे रिपोर्टमध्ये लिहा. पुस्तकात ९.८१ असते, पण g अक्षांश आणि उंचीप्रमाणे थोडा बदलतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे सूत्रानुसार g जवळपास ९.७९ येतो. ९.८१ धरला तर एरर सुमारे ०.९ टक्के, ९.७९ धरला तर ०.७ टक्के. सरांनी ९.८१ सांगितलं असेल तर तेच घ्या, दुसरी किंमत चर्चेत लिहा. एररचं चिन्ह मात्र पुसून टाकू नका: आपली किंमत कमी आली आहे.

ही कमी नुसत्या वेळेच्या चढउतारामुळे आली का? सरासरीतली अनिश्चितता ०.१५८ ÷ √५ म्हणजे ०.०७ सेकंद, ४०.३ च्या ०.१८ टक्के. सूत्रात T चा वर्ग आहे, म्हणून g मध्ये ती दुप्पट, ०.३५ टक्के होते. एरर ०.७ टक्के, म्हणजे याच्या दुप्पट. नुसता योगायोगही असू शकतो, पण एकाच दिशेने ओढणारं कारण शोधून पाहावं असं हे अंतर आहे. दोलन मोजण्यात एकाची चूक असती तर g मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला असता, म्हणजे ती शंका नको.

माझा संशय लांबीवर आहे. १०० सेंमी मोजले ते टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, की नुसत्या दोऱ्याच्या टोकापर्यंत? गोळ्याची त्रिज्या १ सेंमी असेल आणि ती धरायची राहिली असेल, तर खरी लांबी १.०१ मीटर, आणि g ९.८२ येतो. तो ९.७९ पेक्षा ०.३ टक्के जास्त आहे आणि वेळेच्या अनिश्चिततेत बसतो. ज्याने लांबी मोजली त्याला विचारा, नाहीतर लॅबमध्ये जाऊन त्याच गोळ्याचा व्यास व्हर्निअरने मोजून या. न मोजता त्रिज्या मिळवून आकडा सुधारू नका, सर लगेच ओळखतात. डोक्यावर पंखा चालू असेल तर तोही चर्चेत लिहा, मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे तो बंद कोण करतो म्हणा.

शेवटच्या ओळीत g = ९.७२ ± ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग असं लिहा. हा ± फक्त वेळेचा आहे, लांबीचा त्यात नाही, हे शेजारी लिहायचं. ९.७२३२ असे चार दशांश लिहू नका. स्टॉपवॉच सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच वाचलेलं आहे.